डॉक्टर, स्लाइड आणि ब्लॉक मिळतील का?

मुंबईला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बाहेरगावचा पेशंट पोहोचला, की नातेवाइकांच्या पिशवीतून एकेक कागद बाहेर येतो. बायोप्सीच्या रिपोर्टची झेरॉक्स, सोनोग्राफीचा कागद, रक्ताचे रिपोर्ट आणि सीटी स्कॅनच्या फिल्मचे मोबाइलमध्ये काढलेले फोटो. डॉक्टर ते वाचतात आणि विचारतात, “स्लाइड आणि ब्लॉक आणलेत का?” अनेक कुटुंबांना हे दोन शब्द तिथंच पहिल्यांदा ऐकायला मिळतात. मग पेशंटला नातलगाकडे ठेवून कुणीतरी रात्रीच्या गाडीनं गावी परततो. तिथं डॉक्टरांना काय सांगायचं, कसं सांगायचं, त्यांना राग तर येणार नाही ना, हे सगळे प्रश्न त्याच्यासोबत गाडीत असतात.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा पेशंटचा हक्क आहे, हे आता बऱ्याच लोकांना माहीत आहे. अडतं ते त्याच्या पुढे. पहिल्या डॉक्टरांकडून नेमकं काय मागायचं, ते कुणाकडे असतं आणि कोणत्या शब्दांत मागायचं, हे कुणी सांगत नाही. मागणी मोघम असली की उत्तरही मोघम मिळतं. “फाइल द्या” म्हटलं की फाइलची झेरॉक्स हाती येते, आणि कर्करोगाच्या बाबतीत ज्यावर सगळं ठरतं ती गोष्ट त्या फाइलमध्ये नसतेच.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. फलटणसारख्या तालुक्याच्या गावातल्या बावन्न वर्षांच्या एक बाई. डाव्या स्तनात गाठ लागली म्हणून त्या गावातल्या सर्जनकडे गेल्या. सर्जननी मॅमोग्राफी करून घेतली आणि सुईनं गाठीचे चार-पाच तुकडे काढले. या तपासणीला ट्रूकट बायोप्सी म्हणतात. तुकडे जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचे आणि एक-दोन सेंटिमीटर लांबीचे. ते फॉर्मॅलिनच्या छोट्या बाटलीत घालून गावातल्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाठवले. आठवड्यानं रिपोर्ट आला: इन्व्हेजिव्ह कार्सिनोमा, ग्रेड २. पुढच्या तपासणीसाठी लॅबनं नमुना पुण्याच्या मोठ्या लॅबला पाठवला. तिथून आलं, ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू २+. सर्जन म्हणाले, “पुढच्या मंगळवारी ऑपरेशन करून टाकू, पूर्ण स्तन काढावा लागेल.” घरातल्यांनी ठरवलं, त्याआधी एकदा टाटाला दाखवून येऊ.

आता या बाईंच्या आजाराचा पुरावा किती ठिकाणी विखुरलाय ते पाहण्यासारखं आहे. तपासणीच्या नोंदी सर्जनच्या केसपेपरवर आहेत. मॅमोग्राफी तिसऱ्याच सेंटरमध्ये झाली. पहिल्या स्लाइड गावच्या लॅबमध्ये, हर-टूच्या स्लाइड पुण्यात. आणि ब्लॉक? तो गावच्या लॅबकडे परत आलाय की पुण्यालाच पडून आहे, हे सर्जननाही सांगता येईलच असं नाही.

ब्लॉक म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्यायला हवं. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मग त्यातलं पाणी टप्प्याटप्प्यानं काढून टाकतात आणि तो वितळलेल्या पॅराफिन मेणात बसवतात. मेण थिजलं की प्लास्टिकच्या छोट्या चौकटीवर बसलेली एक पांढरी वडी तयार होते. तोच ब्लॉक. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे अगदी पातळ काप घेतात, साधारण चार मायक्रॉनचे, म्हणजे एका मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. काप काचेवर चिकटवून रंगवला की स्लाइड झाली. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात ती स्लाइड, आणि त्यांना जे दिसलं ते शब्दांत उतरवतात तो रिपोर्ट.

म्हणजे रिपोर्ट हे एका डॉक्टरनं त्या स्लाइडबद्दल दिलेलं मत आहे. तेवढाच घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे गेलं, तर त्यांना मतावर मत द्यावं लागेल. स्लाइड हातात आली तर ते स्वतः पाहू शकतात. आणि ब्लॉक आला तर नवे काप काढून नव्यानं तपासण्या करू शकतात. आजाराचा मूळ साक्षीदार तोच.

उदाहरणातल्या बाईंच्या बाबतीत तर सगळा प्रश्न त्या ‘२+’ मध्येच अडकलेला आहे. हर-टू हे काही गाठींच्या पेशींवर प्रमाणाबाहेर वाढणारं प्रथिन आहे. तपासणीत त्याला ०, १+, २+ किंवा ३+ असा गुण देतात. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, आणि २+ म्हणजे नक्की सांगता येत नाही. अशा वेळी त्याच ब्लॉकवर फिश नावाची पुढची तपासणी करतात. तीत पेशीच्या केंद्रकात त्या जनुकाच्या किती प्रती आहेत ते मोजतात. पॉझिटिव्ह निघालं तर ट्रास्टुझुमॅबसारखं खास औषध उपचारात येतं, आणि गाठ मोठी असेल किंवा काखेतल्या गाठींपर्यंत आजार गेला असेल तर अनेकदा ऑपरेशनआधीच औषधं सुरू केली जातात. निगेटिव्ह निघालं तर सर्जननी सांगितलेला क्रम, म्हणजे आधी ऑपरेशन, बहुधा तसाच राहतो. पूर्ण स्तन काढायचा की फक्त गाठ काढून स्तन वाचवता येईल, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे विचारण्याजोगा आहे, आणि त्यासाठी मॅमोग्राफी स्वतः पाहावी लागते.

तपासणी चुकण्याचं एक कारण अगदी साधं असतं, ते म्हणजे नमुना कसा ठेवला. स्तनाच्या नमुन्यासाठी १० टक्के फॉर्मॅलिन आणि ६ ते ७२ तासांचा मुरवणीचा अवधी असा सर्वमान्य नियम आहे. शनिवारी काढलेला तुकडा योग्य द्रावणात पडलाच नाही, किंवा चार दिवस बाटलीतच राहिला, तर ईआर किंवा हर-टूचा निकाल बिघडू शकतो. म्हणून बायोप्सी कोणत्या दिवशी घेतली आणि लॅबला कधी पोहोचली, या दोन तारखाही दुसऱ्या डॉक्टरांच्या कामाच्या असतात. त्या रिपोर्टवर वरच्या कोपऱ्यात छापलेल्या असतात आणि तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

आता मागायचं कसं, याकडे वळू.

कागद मागितले की डॉक्टरांच्या मनात काय येतं, हे लक्षात घेतलं तर बोलणं सोपं जातं. गेल्या काही वर्षांत दवाखान्यांची तोडफोड, ग्राहक न्यायालयातले दावे, वर्तमानपत्रांतल्या बातम्या या सगळ्यांतून लहान गावातले डॉक्टर सावध झाले आहेत. काऊंटरवर पुतण्या येऊन “सगळे पेपर द्या, लगेच पाहिजेत” म्हणाला, की त्यांना वाटतं हे तक्रारीची तयारी करताहेत. मग टाळाटाळ सुरू होते, “उद्या या”, “स्टाफ नाही आज”. म्हणून पहिल्या वाक्यातच हेतू सांगावा. शक्यतो स्वतः पेशंटनं, किंवा पेशंटसोबत जाऊन घरच्यांनी, ओपीडीची गर्दी ओसरल्यावर डॉक्टरांशी समोरासमोर बोलावं. हे काम रिसेप्शनवर किंवा कंपाउंडरकडे सोपवू नये.

बोलणं काहीसं असं असावं: “सर, ऑपरेशनचं ऐकल्यावर घरात सगळे घाबरलेत. एकदा टाटाला दाखवून यावं असं आमचं ठरलंय. तुम्ही बायोप्सी वेळेत केलीत म्हणूनच निदान झालं. तिथं स्लाइड आणि ब्लॉक मागतात असं कळलंय. ते कुठल्या लॅबमध्ये असतील? तुमची चिठ्ठी मिळाली तर आम्ही जाऊन आणू. आणि सर, तिथल्या डॉक्टरांसाठी दोन ओळी लिहून दिल्यात तर फार बरं होईल.”

या बोलण्यात खोटं काही नाही, आणि ते महत्त्वाचं आहे. उपचार पुन्हा त्याच डॉक्टरांकडे घ्यायचे असतील तर तसं जरूर सांगावं. नसतील, किंवा ठरलं नसेल, तर कागद मिळावेत म्हणून “ऑपरेशन तुमच्याकडेच करणार” असं वचन देऊ नये. “तिथं काय म्हणतात ते तुम्हाला येऊन सांगतो” एवढं पुरतं, आणि ते पाळावंही. दुसरी एक गोष्ट कटाक्षानं टाळावी. “आमचा भाचा मुंबईला डॉक्टर आहे, तो म्हणतो हे चुकीचं आहे,” असं वाक्य एकदा तोंडातून गेलं की पुढचं सगळं संभाषण त्या भाच्याविषयी होतं.

शेवटची विनंती, दोन ओळींच्या पत्राची, अनेकांना शिष्टाचाराची वाटते. प्रत्यक्षात ती सगळ्यात उपयोगी असते. सर्जननी पहिल्यांदा गाठ हाताला कशी लागली, किती सेंटिमीटरची होती, काखेत गाठ होती का, त्वचा ओढलेली होती का, हे बायोप्सीच्या आधी तपासलेलं असतं. सुई गेल्यावर रक्त साकळतं, सूज येते, आणि नंतर तपासणाऱ्याला गाठ मोठी वाटू शकते. पहिल्या दिवसाची ती नोंद इतर कुणाकडेच नसते. शिवाय डॉक्टर स्वतः पत्र लिहितात तेव्हा त्यांचा प्रश्नही त्यात उतरतो: “हर-टू २+ आहे, फिशची गरज आहे का? स्तन वाचवता येईल का?” असा प्रश्न घेऊन आलेल्या पेशंटला मिळणारं उत्तरही नेमकं असतं. आणि ज्या डॉक्टरांनी स्वतः पत्र दिलंय, त्यांना मग आपल्याला डावललं असं वाटत नाही.

लॅबमध्ये जाताना सर्जनची चिठ्ठी आणि पेशंटचा सहीचा अर्ज, दोन्ही जवळ असावेत. नातेवाईक जाणार असेल तर पेशंटचं अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती लागतात. लॅबवाले हे मागतात याचा राग येऊ देऊ नये. तो तुकडा पेशंटच्या शरीराचा आहे आणि तो भलत्याच्या हाती जाऊ नये ही त्यांचीही जबाबदारी आहे. अर्ज साधा असावा. या धर्तीवर:

“माझी बायोप्सी आपल्या लॅबमध्ये दि. … रोजी तपासली असून तिचा क्रमांक … आहे. पुढील उपचारांबाबत दुसऱ्या रुग्णालयाचं मत घेण्यासाठी मला मूळ रंगवलेल्या सर्व स्लाइड, ईआर, पीआर व हर-टूच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक हवा आहे. तपासणी झाल्यावर ब्लॉक व स्लाइड परत जमा करीन. कृपया दिलेल्या वस्तूंची संख्या व क्रमांक लिहून द्यावेत.”

शेवटचं वाक्य वाचून लॅबमधल्या माणसालाही बरं वाटतं, कारण ब्लॉक हरवला तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. देताना रजिस्टरमध्ये सही घेतात. त्या वेळी एक काम जागेवरच करून टाकावं. ब्लॉकवर कोरलेला किंवा लिहिलेला क्रमांक, स्लाइडच्या दुधी टोकावरचा क्रमांक आणि रिपोर्टवरचा क्रमांक, तिन्ही जुळतात का ते पाहावं. मुंबईत पोहोचल्यावर क्रमांकात फरक निघाला तर तपासणी तिथंच थांबते, कारण हा नमुना याच पेशंटचा आहे याची खात्री कुणाला देता येत नाही.

कधी लॅबवाले ब्लॉक द्यायला तयार नसतात. त्यामागे हेका असतो असं नाही. सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक छोटा असतो, प्रत्येक तपासणीला त्यातून काप जातात, आणि शेवटी तुकडाच संपतो. तो बाहेर गेला आणि परत आला नाही तर पुढे लागला तेव्हा काय, ही भीती खरी आहे. अशा वेळी मधला मार्ग आहे. न रंगवलेल्या, खास लेप दिलेल्या काचांवर काप घेऊन द्यायला सांगावं. त्यावर दुसरी लॅब स्वतः रंगकाम करू शकते. मात्र कापलेले काप जुने झाले की त्यांच्यावरची प्रथिनं हळूहळू ओळखेनाशी होतात, म्हणून ते निघायच्या आदल्या दिवशी काढून घ्यावेत. किती स्लाइड लागतील, हे ज्या रुग्णालयात जायचंय तिथं फोन करून विचारलेलं बरं. फिश करायची असेल तर ब्लॉकच द्या, असंही ते सांगू शकतात.

एक बारीक गोष्ट प्रवासाची. पॅराफिन साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवला तर तो मऊ पडून खराब होऊ शकतो. ब्लॉक छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत, स्लाइड लॅबकडून मिळणाऱ्या खाचांच्या डबीत, आणि हे दोन्ही हातातल्या बॅगेत असावं. एसटीच्या टपावर किंवा डिकीत नको. स्लाइड काचेची असते, फुटली तर चिकटवता येत नाही.

मॅमोग्राफी आणि स्कॅनचंही असंच आहे. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाहून कुणी निर्णय घेत नाही, घेऊही नये. सेंटरकडून मूळ प्रतिमांची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागावा. या प्रतिमा डायकॉम नावाच्या पद्धतीत साठवलेल्या असतात, आणि तशाच मिळाल्या तर पाहणाऱ्याला त्या मोठ्या करता येतात, मोजमाप घेता येतं. व्हॉट्सअॅपवर आलेल्या चित्रात यातलं काही जमत नाही. सीडी घेतल्यावर घरी किंवा सायबर कॅफेत एकदा उघडून पाहावी. रिकामी किंवा दुसऱ्याच पेशंटची सीडी मुंबईत उघडली, तर तोच स्कॅन पुन्हा करण्याचा खर्च अंगावर पडतो.

आता नियमांचं. पेशंटच्या बाजूनं ते बरेच स्पष्ट आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांनुसार दाखल झालेल्या पेशंटच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षं जपायच्या आहेत. पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितल्यास मागणीची पोच देऊन ७२ तासांच्या आत कागद द्यायचे आहेत, आणि न देणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. त्याआधीच, १९९६ मध्ये, रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं होतं, की गोपनीयतेचं कारण सांगून रुग्णालयाला पेशंटला केसपेपरच्या प्रती नाकारता येणार नाहीत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क स्वतंत्रपणे नोंदवला आहे. त्यासाठी लागणारे कागद विनाविलंब द्यावेत आणि दुसरं मत घेतलं म्हणून पेशंटशी दुजाभाव करू नये, असंही त्यात आहे.

या नियमांची हद्दही माहीत असावी. ते मुख्यतः दाखल पेशंटच्या नोंदींबद्दल आहेत. ओपीडीचा कागद बहुधा पेशंटकडेच असतो, डॉक्टरांकडे त्याची प्रत असेलच असं नाही. मिळतात त्या प्रती. मूळ केसपेपर रुग्णालय स्वतःकडे ठेवतं, कारण उद्या न्यायालयानं मागितला तर तोच दाखवावा लागतो. झेरॉक्सचा वाजवी खर्च पेशंटनं द्यावा, त्यावर वाद घालू नये. आणि ब्लॉक हा काही कागद नाही. तो प्रत्येक लॅब आपापल्या पद्धतीनं, सही घेऊन देते. त्यामुळे ब्लॉकसाठी ७२ तासांचा नियम दाखवत बसण्यापेक्षा वर सांगितलेला अर्ज आणि सर्जनची चिठ्ठी जास्त उपयोगाची.

नियम तोंडी सांगून सुरुवात मात्र करू नये. पहिल्याच भेटीत नियमाचा आकडा ऐकवला की समोरचा माणूस वकिलाला फोन करतो. दोनदा शांतपणे सांगूनही कागद मिळाले नाहीत, तर लेखी अर्जावर यावं. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, एक द्यावी आणि दुसरीवर तारखेसह शिक्का-सही घ्यावी. शिक्का द्यायलाही कुणी तयार नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवावा, पोचपावती जपून ठेवावी. मोठ्या रुग्णालयात हे काम मेडिकल रेकॉर्ड विभागात होतं, डॉक्टरांच्या केबिनमध्ये नाही. अनेकदा डॉक्टर “हो, देतो की” म्हणतात आणि मनापासून म्हणतात, पण विभागाला अर्ज पोहोचलेलाच नसतो. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावानं अर्ज द्यावा. एवढं करूनही नकार आला तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. पण तिथवर जायला आठवडे लागतात, आणि गाठ तोपर्यंत थांबत नाही. तेव्हा तक्रार चालू ठेवूनही दुसऱ्या ठिकाणी नव्यानं तपासण्या सुरू करणंच शहाणपणाचं.

वेळेबद्दल एक गोष्ट पहिल्या डॉक्टरांना सरळ विचारावी: “सर, आम्ही किती दिवस थांबू शकतो?” उदाहरणातल्या बाईंसारख्या गाठीत एक-दोन आठवड्यांनी सहसा फरक पडत नाही, आणि तेवढ्यात स्लाइडची फेरतपासणी होऊ शकते. रक्ताचा तीव्र कर्करोग, मणक्यातल्या गाठीनं पाय लुळे पडू लागणं, आतडं अडणं, श्वास कोंडणं, अशा वेळी मात्र दुसऱ्या मतासाठी थांबायचं नसतं. तिथं आधी उपचार सुरू करावेत आणि कागद मागून पाठवावेत. प्रवास झेपत नसेल तर रिपोर्ट पाठवून मत घेण्याचीही सोय आहे. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून मिळू शकतं. तिथंही कागद पूर्ण आणि वाचता येतील असे असावेत ही अट आहेच.

काही कुटुंबं याच्या अगदी उलट करतात. पहिल्या डॉक्टरांना काही सांगतच नाहीत, आणि दुसऱ्या डॉक्टरांपासून पहिले कागद लपवतात. “नव्या डोळ्यांनी पाहू दे,” असा त्यामागचा विचार. त्यात दुसऱ्यांदा सुई, दुसऱ्यांदा स्कॅन आणि पंधरा दिवस जातात. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. समजा त्याच बाईंना मधल्या काळात कुठेतरी केमोथेरपी सुरू झाली. केमोनं गाठ आक्रसते, कधी कधी पूर्ण नाहीशी होते. चांगलंच आहे ते. पण त्यानंतर दुसऱ्या डॉक्टरांनी हर-टू पुन्हा तपासायचं म्हटलं तर तपासायला गाठच उरलेली नसते. मूळ आजार कसा होता हे सांगणारी एकच वस्तू तेव्हा जगात असते, गावच्या लॅबच्या कपाटातला तो ब्लॉक. म्हणून दुसरं मत घ्यायचं असेल तर ते पहिल्या उपचाराच्या आधी घ्यावं. तसं जमणार नसेल तर निदान ब्लॉक कुठं आहे ते उपचाराच्या आधी लिहून ठेवावं.

पुढे काय होईल ते दोन प्रकारचं असू शकतं. समजा आपल्या बाईंचा ब्लॉक मुंबईला गेला, नव्यानं काप घेतले, फिश झाली आणि निगेटिव्ह आली. मॅमोग्राफी पाहून तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की गाठ एकाच जागी आहे, स्तन वाचवून ऑपरेशन करता येईल, पण नंतर रेडिओथेरपी घ्यावी लागेल. आता निवड त्यांच्या हातात आहे. रेडिओथेरपीसाठी कित्येक आठवडे शहरात राहायचं, की गावातल्या सर्जनकडेच पूर्ण ऑपरेशन करून घ्यायचं. दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. समजा उलट झालं आणि फिश पॉझिटिव्ह आली, तर ट्रास्टुझुमॅबची गरज वेळेत कळली, आणि मंगळवारचं ऑपरेशन पुढे ढकललं ते कारणासाठी. कधी दुसरं मत पहिल्यासारखंच येतं. तेव्हा पहिल्या डॉक्टरांवरचा विश्वास पक्का होतो आणि ऑपरेशनला जाताना घरच्यांच्या मनात किंतू राहत नाही.

दोन मतं वेगळी पडली तर तिसऱ्या डॉक्टरांकडे धाव घेण्याआधी दुसऱ्या मताचा कागद पहिल्या डॉक्टरांना दाखवावा. “सर, तिथं असं म्हणालेत, तुम्हाला काय वाटतं?” एवढंच विचारावं. पुष्कळदा फरकाचं कारण लगेच सापडतं. एखादा रिपोर्ट त्यांनी पाहिलेलाच नसतो, किंवा त्यांच्या यंत्रसामग्रीत ते ऑपरेशन होणारं नसतं आणि त्यांनी तसं सांगितलेलं नसतं. जे डॉक्टर मोकळेपणानं “ते बरोबर आहेत, तुम्ही तिकडेच करून घ्या” म्हणतात, त्यांच्याकडे पुढची वर्षानुवर्षांची तपासणी निर्धास्तपणे करावी.

काम संपलं की ब्लॉक आणि स्लाइड गावच्या लॅबमध्ये परत जमा कराव्यात, रजिस्टरमध्ये तारीख टाकून घ्यावी आणि क्रमांकाची एक नोंद घरच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर लावावी. स्तनाचा कर्करोग काही वर्षांनी उलटू शकतो, आणि तसं झालं तर नव्या गाठीची तुलना करायला डॉक्टर हाच जुना ब्लॉक पुन्हा मागतात.